आधी गाव सांग, मग मुहूर्त

सबस्क्रायबर किती झाले ते मला सांगू नकोस. यंदाच्या सणवारांची मालिका बाईंनी एकदा बघावी म्हणून आला आहेस ना? मग आधी जुनं बघू. २०२४च्या दिवाळीचा तुझा व्हिडिओ अजून तसाच पडून आहे. मागे सनई, पुढे समई, आणि तू नवा कुर्ता घालून हात जोडून सांगतो आहेस: लक्ष्मीपूजन गुरुवारी ३१ ऑक्टोबरला, प्रदोषकाळ संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांपासून.

कुठला रे हा प्रदोषकाळ? तू राहतोस डोंबिवलीत. ३१ ऑक्टोबरला डोंबिवलीत सूर्य मावळतो सहा वाजून चार-पाच मिनिटांनी. पाच छत्तीसला तुमच्या सोसायटीत सुट्टीतली पोरं उन्हात क्रिकेट खेळत असतात. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, हे तू स्वतः त्याच व्हिडिओत दुसऱ्या मिनिटाला सांगितलं आहेस. आणि तिसऱ्या मिनिटाला सूर्य मावळायच्या आधीच प्रदोष सुरू करून टाकलास. आपण काय बोलतो ते आपल्याच कानांनी ऐकायची सवय नाही का तुला?

५.३६ आलं कुठून तेही सांगते. ती दिल्लीच्या सूर्यास्ताची वेळ आहे. कुठल्या तरी हिंदी व्हिडिओवरून उचललीस, किंवा संकेतस्थळावर ठिकाण दिल्लीच राहिलं होतं आणि तुला ते बदलायचं सुचलं नाही. तारीखही त्या वेळेबरोबरच आली. घरात खुंटीला कालनिर्णय टांगलेलं होतं, त्यावर लक्ष्मीपूजन शुक्रवारी १ नोव्हेंबरला छापलेलं होतं. दाते पंचांगातही तेच. मान वळवून भिंतीकडे बघितलं असतंस तरी दचकला असतास. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या की थांबायचं असतं. तू कॅमेरा सुरू केलास.

आता नीट ऐक. मी भूगोल शिकवला तुला. पृथ्वी एका रेखांशातून फिरायला चार मिनिटं घेते, हे फळ्यावर किती वेळा लिहून दिलं होतं. त्याच चार मिनिटांत तुझा सगळा घोळ आहे.

तिथी ही आकाशातली गोष्ट आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र कधी वेगात असतो, कधी संथ, म्हणून एखादी तिथी वीस तासांत उरकते आणि एखादी सव्वीस तासांच्याही पुढे जाते. पण ती संपते तो क्षण साऱ्या जगाला एकच असतो. डोंबिवलीला वेगळा आणि नागपूरला वेगळा नसतो. २०२४ची आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. भारतीय प्रमाणवेळेत हे आकडे भारतभर सारखेच. इथवर तू दिल्लीची नक्कल केलीस तरी बिघडत नाही.

बिघडतं ते पुढे. सण कुठल्या दिवशी करायचा हे नुसत्या तिथीवर ठरत नाही. ती तिथी दिवसाच्या कुठल्या भागात असायला हवी, हे प्रत्येक सणाचं वेगळं आहे. लक्ष्मीपूजनाला अमावास्या प्रदोषात असावी लागते. आणि प्रदोष सूर्यास्तापासून मोजतात. सूर्यास्त आकाशाचा नाही, तुझ्या गावाचा असतो. म्हणजे एक आकडा साऱ्या जगाचा आणि दुसरा तुझ्या गल्लीतला, असे दोन शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय निघत नाही. तू पहिला बरोबर घेतलास आणि दुसरा चौदाशे किलोमीटरवरून आणलास.

वही काढ. १ नोव्हेंबर २०२४, सूर्यास्त. मुंबईत सुमारे ६.०५, पुण्यात सुमारे ६.०२, नागपुरात सुमारे ५.३८. अमावास्या ६.१६पर्यंत. म्हणजे मुंबईत सूर्य मावळल्यावर अमावास्या अकरा मिनिटं उरली, पुण्यात चौदा, नागपुरात अडतीस. आदल्या दिवशी, ३१ तारखेला, प्रदोषभर अमावास्या होतीच. थोडक्यात, महाराष्ट्रात दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या सापडते, पहिल्या दिवशी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी चिमूटभर. अशा वेळी दुसरा दिवस घ्यायचा, हा आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी धरलेला नियम. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ अठराव्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्याही आधीचा कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२चा. मराठी पंचांगं बहुतेक या दोन ग्रंथांच्या आधाराने निर्णय देतात. त्यावरून १ नोव्हेंबर आला.

मान हलवू नकोस, पुढचं ऐक. काशीच्या विद्वानांनी ३१ ऑक्टोबर धरला, आणि ते काही अडाणी नव्हते. पहिल्या दिवशी पूर्ण प्रदोष आणि मध्यरात्रही अमावास्येत जाते, दुसऱ्या दिवशी नुसता स्पर्श होतो, मग भरपूर असलेला दिवस सोडायचा का, असा त्यांचा प्रश्न. आपल्याकडच्या निर्णयावर बोट ठेवायलाही जागा होती. एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटं. मुंबई-पुण्यात दुसऱ्या दिवशी तेवढीही अमावास्या सूर्यास्तानंतर नव्हती. तेव्हा हा खरा मतभेद होता आणि दोन्ही बाजूंना ग्रंथ होते. तू ३१ तारीख सांगितलीस म्हणून मी तुला झापत नाही. ती कुणाची तारीख आहे हे तुला ठाऊकच नव्हतं, म्हणून झापते आहे. काशीचा निर्णय, महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला, मराठीत, ‘शास्त्रानुसार’ असं ठणकावून सांगितलास. कुठल्या शास्त्रानुसार? ग्रंथाचं नाव सांग. पंचांगाचं नाव सांग. गप्प बसलास ना?

आणि तुझा तो प्रेक्षक कोण आहे, हे तरी माहीत आहे का? तूच मघाशी फुशारकी मारलीस की अमेरिकेतली मराठी माणसं तुझे व्हिडिओ बघतात. मग न्यू जर्सीचं गणित करून दाखव. जमत नाही? मी करते. अमावास्या संपण्याचा क्षण आपल्याकडे १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ६.१६ला. तेव्हा न्यू जर्सीत त्याच तारखेच्या सकाळचे ८.४६ झालेले असतात. म्हणजे तिथल्या १ तारखेच्या संध्याकाळी अमावास्येचा मागमूस नाही. ती लागली तिथल्या ३१ तारखेच्या सकाळी ६.२२ला, म्हणून प्रदोषात अमावास्या फक्त ३१ तारखेला. तिथे लक्ष्मीपूजन ३१लाच, आणि त्यात मतभेदाला जागाच नाही. लंडनलाही तेच. सिडनीत मात्र पारडं फिरतं: तिथे ३१ तारखेला रात्री ९.२२ला अमावास्या लागली, तोवर प्रदोष जवळजवळ सरला होता, आणि १ तारखेला ती रात्री पावणेबारापर्यंत टिकली. तेव्हा सिडनीला १ नोव्हेंबर.

पाहिलंस? एकच अमावास्या, एकच नियम, आणि गावागणिक तारीख बदलली. तुझ्या चुकीच्या व्हिडिओवर न्यू जर्सीच्या एखाद्या बाईने ३१ला पूजा केली असेल तर ती बरोबर केली, पण ते श्रेय तुझं नव्हे. आणि इथे तुझ्या सख्ख्या मावशीने १ तारखेची झेंडूची ऑर्डर बदलून घेतली, शेजारच्या वाण्याने चोपडीपूजनाला भटजींना एक दिवस आधी बोलावलं, भटजी म्हणाले मी १ तारखेला येईन. तुझ्या सनईच्या व्हिडिओपायी वाण्याचं आणि भटजींचं वाजलं.

आता तू म्हणशील, बाई, नियम समजला, पुढच्या वेळी मीच सूर्यास्त बघून तारीख ठरवेन. खबरदार! हीच ती दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा वाईट, कारण ती अभ्यास केल्याचा आव आणते. २०२५ची दिवाळी घे. अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी ३.४४ला लागली आणि २१ला संध्याकाळी ५.५४ला संपली. २१ला मुंबईत सूर्य मावळला सुमारे ६.१२ला, पुण्यात ६.०८च्या सुमारास. म्हणजे तिथे सूर्यास्ताआधीच अमावास्या संपलेली. नागपुरात सूर्यास्त पावणेसहाला, म्हणून तिथे नऊएक मिनिटं शिल्लक. आता तुझ्या हातातल्या एका नियमाने बघ: मुंबईला दुसऱ्या दिवशी प्रदोषात अमावास्याच नाही, म्हणून २० तारीख, नागपूरला दोन्ही दिवशी आहे, म्हणून २१. एकाच राज्यात दोन लक्ष्मीपूजनं लावली असतीस तू! मराठी पंचांगांनी सरसकट २१ ऑक्टोबर, मंगळवार दिला होता. म्हणजे निर्णय त्या एका वाक्यावर उभा नसतो; अमावास्या किती प्रहर आहे, पुढची प्रतिपदा वाढते की घटते, हेही ग्रंथांत बघायचं असतं. ते काम पंचांगकर्त्याचं. तुझं काम एवढंच की आकडे पडताळायचे, निर्णय कुणाचा ते नावानिशी सांगायचं, आणि आकडे आणि निर्णय यांत फट दिसली तर पंचांगकर्त्याला विचारायचं. पंचांगावर पत्ता छापलेला असतो. फोन करायला लाज कसली वाटते?

तुझ्या व्हिडिओंत आणखी एक पालुपद आहे, ‘उदया तिथीनुसार’. कुठेही लावतोस. सूर्योदयाला जी तिथी ती दिवसभराची, हे पंचांगातल्या रोजच्या तिथीसाठी ठीक आहे, सणासाठी नाही. कोजागिरी घे. २०२४ला पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री ८.४०ला लागली आणि १७ला दुपारी ४.५५ला संपली. सूर्योदयाची पौर्णिमा १७ची. तुझ्या पालुपदाने कोजागिरी १७ला झाली असती, आणि त्या रात्री दूध आटवून तू गच्चीवर जो चंद्र बघितला असतास तो प्रतिपदेचा. कोजागिरीला पौर्णिमा मध्यरात्री हवी, म्हणून ती १६ला झाली. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ह बघतात, महाशिवरात्रीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. त्या चंद्रोदयाचीही तीच गत: मुंबई आणि नागपूर यांत सहा रेखांशांहून जास्त अंतर, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या आसपास फरक. तू मुंबईची वेळ सांगितलीस की नागपूरच्या उपाशी माणसाला उगाच ताटकळत ठेवलंस, आणि नागपूरची सांगितलीस की मुंबईकर आकाशात काहीच नसताना अर्घ्य देऊन जेवायला बसला.

मुहूर्तांचं तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलते. दर शुक्रवारी तू राहुकाळ साडेदहा ते बारा सांगतोस. पाठ केलेला आहे. तो आकडा सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या दिवसाचा. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा आठवा हिस्सा, आणि शुक्रवारी त्या आठांतला चौथा. त्याच १ नोव्हेंबरला, शुक्रवारच होता, मुंबईत सूर्य उगवला ६.३९च्या सुमारास आणि मावळला ६.०५ला. दिवस अकरा तास सव्वीस मिनिटांचा, आठवा हिस्सा जवळजवळ शहाऐंशी मिनिटं. सूर्योदयात तीन हिस्से मिळव: १०.५६. तिथून १२.२२पर्यंत राहुकाळ. तू सांगितलेल्या वेळेपेक्षा सुरुवात सव्वीस मिनिटं उशिरा आणि शेवट बावीस मिनिटं उशिरा. तुझ्यावर भरवसा ठेवून कुणी ‘राहुकाळ टळला’ म्हणून १२.०५ला दुकानाचं कुलूप उघडलं असेल, तर तुझ्याच शास्त्राप्रमाणे ते राहुकाळात उघडलं. राहुकाळ मानावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी मानत नाही. पण मानणाऱ्याला खोटी वेळ सांगायचा अधिकार तुला कुणी दिला? चौघडियाही याच भागाकाराने निघतात, तेही गावोगाव वेगळे.

श्रावणाचं थोडक्यात: उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, म्हणून २०२४ला त्यांचा श्रावण २२ जुलैला लागला आणि आपला ५ ऑगस्टला. दोन्ही दिवस सोमवारच, त्यामुळे तुला शंकाही आली नाही आणि ‘पहिला श्रावणी सोमवार’ दोन आठवडे आधी उरकलास.

तर आता काम करायची पद्धत. दोन छापील पंचांगं घे, वेगवेगळ्या घराण्यांची. संकेतस्थळ तिसरं, पहिलं नव्हे. आणि ते उघडल्याबरोबर ठिकाणाच्या चौकटीत कुठलं गाव आहे ते बघ. तिथीची सुरुवात आणि शेवट तिन्हीकडून उतरव. एक-दोन मिनिटांचा फरक चालतो. तासांचा फरक दिसला तर त्या पंचांगाचं गणितच निराळं आहे असं समज, आणि दोघांची सरासरी काढू नकोस, तू तेही करशील. केंद्र सरकारचं राष्ट्रीय पंचांग ताडून बघायला उत्तम, पण त्यातले सूर्योदय-सूर्यास्त साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरच्या एका मध्यवर्ती ठिकाणाचे असतात. ते उचलून डोंबिवलीला लावलेस तर पुन्हा दिल्लीचीच गोष्ट. छापील पंचांगात पहिल्या पानांवरच लिहिलेलं असतं की वेळा कुठल्या गावाच्या आहेत आणि इतर गावांसाठी किती मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची. ते पान तू कधी उघडलेलं नाहीस, पैजेवर सांगते.

तास मोजतानाही डोळे उघडे ठेव. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २५ किंवा २६ तास अशी छापतात, कारण दिवस सूर्योदयापर्यंत चालू असतो. २६.१५ म्हणजे पुढच्या तारखेच्या पहाटेचे सव्वादोन. त्यातून चोवीस वजा करून तारीख तीच ठेवलीस की पूर्ण एक दिवसाची चूक. आणि तारखेशेजारी वार लिहायचाच. गेल्या वर्षीच्या संहितेत आकडे बदलून नवा व्हिडिओ करायची तुझी जी खोड आहे, ती वारामुळे पकडली जाते: तारीख नवी आणि वार जुना राहिला की कागदावरच दिसतं.

पडद्यावर वेळ जितके सेकंद दिसेल, तितके सेकंद तिच्याखाली गाव आणि पंचांगाचं नाव दिसलं पाहिजे. वर्णनात लिहून भागत नाही. लोक व्हिडिओ कापून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि वर्णन मागे राहतं. वर्षही तिथेच लिही. तुझा २०२४चा तुकडा २०२५च्या दिवाळीत आमच्या कट्ट्याच्या ग्रुपवर फिरत होता, त्यावर वर्षच नव्हतं. आणि मतभेद असेल तर दोन्ही तारखा सांग, कोण कुठली का धरतं ते एका वाक्यात सांग, मग तू कुठली देतो आहेस ते सांग. अर्धं मिनिट लागतं. सनई अर्धं मिनिट कमी वाजव.

तो जुना व्हिडिओ आज, माझ्यासमोर, काढून टाक. प्रसिद्ध झाल्यावर आतली फिल्म बदलता येत नाही हे मलाही कळतं, म्हणूनच काढ म्हणते. नव्या मालिकेतला प्रत्येक सण मला आधी कागदावर दे: तिथी कधी लागते, कधी संपते, सणाला कुठला काळ लागतो, तो तुझ्या गावात किती ते किती, निर्णय कुठल्या पंचांगाचा. पाच ओळी. त्यातली एक जरी रिकामी असेल तर तो सण तुझ्या मालिकेत येणार नाही.